डिसेंबरात कॉलेज सोडलं, तर फीचे किती पैसे परत मिळतात? सांगलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं आहे. जत तालुक्यातला एक मुलगा सांगलीतल्या विनाअनुदानित तुकडीत बी.एस्सी. (संगणकशास्त्र) प्रथम वर्षाला होता आणि कॉलेजच्याच वसतिगृहात राहत होता. पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबरात झाली. दुसऱ्या सत्राचे तास सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरचं दुकान बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मुलाने कॉलेज सोडायचं ठरवलं. कॉलेजचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. मुलाच्या चुलत्यांनी सगळ्या पावत्या आणि पत्रं माझ्यासमोर ठेवली होती. कॉलेजच्या कार्यालयात अनेक वर्षं हिशेब बघितलेले असल्याने कुठलं कलम कुठे बसतं हे मला सांगता आलं.

पावत्या दोन होत्या. कॉलेजची पावती ४२,३०० रुपयांची: शिकवणी शुल्क ३२,०००, प्रयोगशाळा ४,०००, ग्रंथालय-जिमखाना वगैरे किरकोळ १,६००, विद्यापीठाचं पात्रता व नोंदणी शुल्क ९००, दोन्ही सत्रांचं मिळून परीक्षा शुल्क २,८०० आणि अनामत १,०००. वसतिगृहाची पावती वेगळ्या पुस्तकातली होती. त्यात जुलै ते एप्रिल या दहा महिन्यांचं खोलीभाडं २०,००० आणि वसतिगृहाची अनामत ३,०००. मेसचे पैसे तीन-तीन महिन्यांचे आगाऊ घेत. १ डिसेंबरला त्याने फेब्रुवारीअखेरपर्यंतचे ९,००० भरले होते.

मुलगा कार्यालयात गेला तेव्हा खिडकीतून उत्तर मिळालं, "अरे बाळा, वर्षाच्या मध्ये सोडलं की काही मिळत नाही. युजीसीचा नियमच आहे तसा. अनामत तेवढी मिळेल, तीपण वर्ष संपल्यावर." त्यासोबत एक छापील अर्ज हातात आला. त्याच्या तळाशी ओळ होती: 'शुल्क परताव्याबाबत माझा कोणताही दावा राहणार नाही.' दाखला हवा असेल तर सही कर, असं सांगितलं गेलं. मुलाने सही न करता तो कागद घरी आणला. पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. सही एकदा झाली की तिच्या विरोधात बोलताना मुलाची बाजू लंगडी पडते.

कारकुनाचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच ते समजून घ्यायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे युजीसीची, शुल्क परताव्याची अधिसूचना ऑक्टोबर २०१८ ची आहे. तिच्यात एक पायऱ्यांचा तक्ता आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर शंभर टक्के शुल्क परत. यातून प्रक्रिया खर्च म्हणून भरलेल्या शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. अंतिम तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना रद्द केला तर ९० टक्के. तारीख उलटून गेल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि तीस दिवसांनंतर शून्य.

इथे बहुतेक पालक एका गोष्टीत फसतात. घड्याळ चालू होतं ते 'प्रवेशाच्या अंतिम तारखेपासून'. आपण फी कधी भरली, तास कधी सुरू झाले, मुलगा किती दिवस वर्गात बसला, याचा तक्त्याशी संबंध नाही. या कॉलेजच्या सूचनेनुसार अंतिम तारीख १६ ऑगस्ट होती. म्हणजे तक्त्यानुसार १५ सप्टेंबरनंतर कॉलेजवर शुल्काचा एक रुपयाही परत करण्याचं बंधन उरत नाही. मुलगा निघाला १६ डिसेंबरला. शिवाय तक्त्यातलं 'शुल्क' म्हणजे एकूण शुल्क, त्यात शिकवणीखेरीजची शुल्कंही धरलेली आहेत. त्यामुळे प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना हे सगळं शिकवणीबरोबरच शून्याच्या पायरीवर गेलं.

याच वर्षी तो लवकर निघाला असता तर काय झालं असतं, तेही सांगतो, कारण फरक फार मोठा आहे. त्या वर्षासाठी आयोगाने जून २०२४ मध्ये वेगळं परिपत्रक काढलं होतं. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर फार तर १,००० रुपये कापून बाकी परत. आदल्या वर्षीही तशीच सवलत होती. आता समजा हा मुलगा १० सप्टेंबरला निघाला असता. अनामत सोडून त्याचं शुल्क ४१,३०० होतं. नुसता तक्ता पुढे केला असता तर पंचविसावा दिवस म्हणून निम्मे, म्हणजे २०,६५० हातात आले असते. परिपत्रक दाखवलं असतं तर सगळेच्या सगळे. २० ऑक्टोबरला निघाला असता तर तक्त्याप्रमाणे शून्य, परिपत्रकाप्रमाणे ४०,३००. म्हणून २०१८ चा तक्ता पाठ असून भागत नाही. त्या त्या वर्षाचं परिपत्रक निघालंय का, आणि त्यात कोणती तारीख आहे, हे आयोगाच्या संकेतस्थळावर आधी बघावं लागतं. कार्यालयात बहुतेकदा जुना तक्ताच भिंतीवर असतो.

आपल्या प्रकरणात मात्र दोन्ही तारखा उलटून गेल्या होत्या. चुलते म्हणाले, "मग पोराने आता काय करायचं? ३२,००० बुडालेच ना?" मी सांगितलं की शिकवणीचं तूर्त बाजूला ठेवू. जे पैसे मुळात त्या तक्त्यात येतच नाहीत, ते आधी वेगळे काढू.

पहिली गोष्ट अनामत. अधिसूचनेत अनामत आणि सुरक्षा ठेव शुल्काच्या बाहेर ठेवली आहे. ती मुलाचीच ठेव आहे, म्हणून सोडण्याची तारीख कोणतीही असो, ती परत करायचीच. 'वर्ष संपल्यावर देऊ' हेही बसत नाही. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा, असं अधिसूचना सांगते. पण हे १५ दिवस मोजायला लेखी अर्ज हवा आणि तो कार्यालयाला मिळाल्याचा पुरावा हवा. दाखल्याचा अर्ज म्हणजे परताव्याचा अर्ज नव्हे. आम्ही १६ डिसेंबरच्या तारखेचा साधा अर्ज लिहिला. त्यात प्रवेश रद्द करण्याचं कारण, दोन्ही पावत्यांचे क्रमांक, मुलाच्या स्वतःच्या बँक खात्याचा तपशील आणि शेवटी मागणी कलमवार. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. खिडकीवर कुरकुर झाली, पण शिक्का मिळाला.

वसतिगृहाच्या अनामतीत एक बारीक गोष्ट असते. खोली सोडताना रेक्टरांकडून खोली तपासून घ्यायची आणि नोंदवहीत 'खोली ताब्यात घेतली' अशी सही घ्यायची. ही सही नसेल तर एप्रिलमध्ये कुणा दुसऱ्याने मोडलेल्या खिडकीची काचही तुमच्या अनामतीतून जाते. या मुलाने खोली सोडताना कॉट, टेबल, पंखा, ट्यूबलाइट सगळं दाखवलं. कपाटाची एक किल्ली हरवली होती, तिचे १५० रुपये नोंदवले गेले. त्यामुळे वाद राहिलाच नाही: ३,००० मधून १५० वजा, हाती २,८५०. कॉलेजच्या १,००० अनामतीसाठी ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचं ना-देय प्रमाणपत्र लागलं, तेही त्याच दिवशी झालं.

मूळ कागदपत्रांचं मी घाईने सांगतो. बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कार्यालयात होता, आणि आधी 'सगळं मिटल्यावर ने' असं तोंडी सांगण्यात आलं. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असं त्याच अधिसूचनेत स्पष्ट आहे. अर्जात तेवढं एक वाक्य लिहिल्यावर कागद दोन दिवसांत मिळाले.

दुसरी गोष्ट परीक्षा शुल्क. इथे गंमत अशी की पैसे कॉलेजने घेतले, पण ते कॉलेजचे नव्हेत. हे कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. सत्राच्या परीक्षेचा अर्ज विद्यार्थी भरतो, कॉलेज तो तपासून पुढे पाठवतं आणि त्या यादीबरोबर शुल्क विद्यापीठाकडे जातं. कॉलेज फक्त मधला हात असतं. पहिल्या सत्राचे १,४०० खर्च झाले, कारण मुलगा परीक्षेला बसला. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पात्रता आणि नोंदणीचे ९०० सुद्धा विद्यापीठाकडे जाऊन त्याचं काम झालेलं होतं. पण दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचे अर्ज डिसेंबरात सुरूसुद्धा झाले नव्हते. मुलाने तो अर्ज भरला नव्हता, त्याचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. कार्यालय म्हणालं, "परीक्षा फी विद्यापीठाला जाते, ती आमच्याकडे नसते." त्यावर आम्ही लेखी एवढंच विचारलं, की दुसऱ्या सत्राची फी कोणत्या तारखेला, कोणत्या यादीसोबत पाठवली ते कळवावं. ती पाठवलेली असणं शक्यच नव्हतं. ती कॉलेजच्या खात्यावरच पडून होती.

याची दुसरी बाजूही आहे. मुलगा मार्चमध्ये, परीक्षेचा अर्ज भरून झाल्यावर निघाला असता तर हेच १,४०० गेले असते, कारण तोवर ते पुढे गेलेले असतात आणि परीक्षेला गैरहजर राहिल्याने ते परत येत नाहीत. म्हणून जायचं नक्की असेल तर परीक्षेचा अर्ज भरण्याआधी निर्णय लेखी कळवावा.

तिसरी गोष्ट वसतिगृह, आणि सगळ्यांत जास्त ओढाताण इथेच झाली. कॉलेज म्हणत होतं की तक्त्यात शिकवणीखेरीजची शुल्कंही येतात, म्हणून खोलीभाडंही शून्य. या युक्तिवादात दम आहे, हे मान्य करायला हवं. पण तक्ता कॉलेजने किमान किती द्यायचंच ते ठरवतो, त्याहून जास्त देऊ नये असं तो कुठेही म्हणत नाही. आणि वसतिगृहाचे पैसे वेगळ्या पावतीवर, वेगळ्या नियमपुस्तिकेखाली घेतलेले होते. ती पुस्तिका आम्ही मागवली. प्रवेशाच्या वेळी मुलाने तिच्यावर सही केली होती, पण वाचली नव्हती. बहुतेक मुलं वाचत नाहीत. तिच्यात दोन ओळी कामाच्या सापडल्या. एक, वर्षाच्या मध्ये खोली सोडल्यास भाडं परत मिळणार नाही. 'मात्र रिक्त जागी दुसरा विद्यार्थी दाखल झाल्यास उर्वरित महिन्यांचं भाडं परत केलं जाईल'. दोन, सलग दहा दिवसांहून जास्त खाडे असतील आणि आधी लेखी कळवलं असेल तरच मेसचे पैसे वजा होतील. महिन्याच्या मध्ये वसतिगृह सोडणाऱ्याचा तो महिना पूर्ण धरला जाईल.

मेसचा हिशेब त्यामुळे सरळ झाला. डिसेंबरचे ३,००० गेले, जरी मुलगा १६ तारखेलाच निघाला होता. जानेवारी-फेब्रुवारीचे ६,००० मात्र त्याचे होते, कारण ते जेवण शिजलंच नव्हतं आणि ठेकेदाराला महिन्याच्या शेवटी माणसं मोजूनच पैसे जात होते.

खोलीभाड्यासाठी जागा भरली का हे कळायला हवं होतं. सांगलीत जानेवारीत वसतिगृहाला मागणी असते. बाहेर कॉट बेसिसवर राहून कंटाळलेली मुलं प्रतीक्षायादीत असतात. चुलत्यांनी ३ जानेवारीला रेक्टरांकडे जाऊन नुसतं विचारलं, "सर, आमच्या पोराच्या खोलीत आता कोण आलंय का हो?" रेक्टर सरळ माणूस होते. त्यांनी खोलीची नोंदवही उघडून दाखवली: २ जानेवारीपासून त्या कॉटवर इस्लामपूरकडचा एक मुलगा आला होता आणि त्याने एप्रिलपर्यंतचं भाडं भरलं होतं. म्हणजे एका कॉटचे पैसे जानेवारीपासून दोनदा घेतले गेले होते. महिन्याला २,००० प्रमाणे चार महिन्यांचे ८,००० परत द्यायला हवे होते.

३१ डिसेंबरला १५ दिवस पूर्ण झाले आणि कॉलेजचं उत्तर आलं नव्हतं. त्यामुळे ६ जानेवारीला प्राचार्यांमार्फत कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज गेला. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार अशी समिती प्रत्येक कॉलेजात असायला हवी, आणि तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. हा मार्ग मी मुद्दाम सांगतो, कारण पहिल्याच रागात लोक ग्राहक आयोगाची भाषा करतात. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात बसते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे संस्थांच्या बाजूचे निकाल आहेत, त्यामुळे तिथे वर्षं जायची आणि हाती काही लागेलच असं नाही. समितीच्या अर्जाला वकील लागत नाही.

अर्जात राग नव्हता. पाच रकमा, प्रत्येकीसमोर एका ओळीत कारण आणि कुठला कागद जोडला ते. अनामत १,०००, वसतिगृहाची अनामत २,८५०, दुसऱ्या सत्राचं परीक्षा शुल्क १,४००, मेस ६,०००, खोलीभाडं ८,०००. एकूण १९,२५०. शेवटी वेगळ्या परिच्छेदात दुसऱ्या सत्राच्या शिकवणी शुल्काची, म्हणजे १६,००० रुपयांची विनंती केली. ती 'मागणी' न म्हणता मुद्दाम 'विनंती' म्हटली, कारण नियम आपल्या बाजूला पुरता नव्हता.

समिती २० जानेवारीला बसली. मुलाला आणि चुलत्यांना बोलावलं होतं. परीक्षा शुल्क आणि अनामतीवर चर्चाच झाली नाही. मेससाठी ठेकेदाराचं जानेवारीचं बिल बघितलं, त्यात मुलाचं नाव नव्हतं. खोलीभाड्यावर लेखापालांनी हरकत घेतली, तेव्हा समितीतल्या एका प्राध्यापिका म्हणाल्या, "एकाच कॉटचं भाडं आपण दोघांकडून घेतलंय ना? मग यात विचारायचं काय राहिलं?" २९ जानेवारीला १९,२५० रुपये मुलाच्या खात्यात जमा झाले.

शिकवणीची विनंती मात्र फेटाळली गेली, आणि त्याबद्दल मला मनापासून वाटतं ते लिहितो. आगाऊ शुल्क घ्यायचंच तर ज्या सत्राचं किंवा वर्षाचं शिक्षण चालू आहे तेवढ्याचंच घ्यायचं, अशी अधिसूचना आहे. त्या 'सत्र किंवा वर्ष' या शब्दांत कॉलेजला निवड मिळते आणि बहुतेक कॉलेज वर्षाची फी एकदम घेतात. परीक्षा सत्राची, निकाल सत्राचा, श्रेयांक सत्राचे, आणि फी मात्र वर्षाची, हे मला पटत नाही. पहिल्या सत्रानंतर थांबणाऱ्या मुलाला न शिकलेल्या सत्राचे १६,००० सोडावे लागतात, आणि थांबावं लागतं ते बहुतेकदा घरात पैशाचीच ओढ असलेल्या मुलाला. सत्राप्रमाणे हप्ता करून द्या, अशी मागणी प्रवेशाच्या वेळीच लेखी करायला हवी. काही कॉलेज ती मान्यही करतात. डिसेंबरात ती मागणी करून उपयोग होत नाही.

अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा २०२४-२५ पासून बी.सी.ए.सारख्या अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम लागतात, तेव्हा हा तक्ता जसाच्या तसा तिकडे लावू नये. तिथे अभ्यासक्रम सुरू झाल्यावर सोडलेली जागा प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत भरली गेली का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ती भरली नसली तरी पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही. चार वर्षांची फी भरल्याशिवाय दाखला नाही, असं कुणी सांगितलं तर ते लेखी द्यायला सांगावं.

मुलाने पहिल्या सत्राचे सगळे विषय काढले आहेत. एक वर्षही पूर्ण झालं नसल्याने त्याला कुठलं प्रमाणपत्र मिळत नाही, पण ते श्रेयांक त्याच्या शैक्षणिक श्रेयांक बँकेच्या खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. ते खरंच जमा झाले का, हे त्याने लॉगिन करून फेब्रुवारीत तपासलं. लोकपालांकडे जायचं नाही असं चुलत्यांनी ठरवलं. पुन्हा प्रवेश घेतला तर दुसऱ्या सत्रापासूनच घेऊ द्यावा आणि फी त्या एका सत्राचीच घ्यावी, असं पत्र त्यांनी प्राचार्यांना दिलं आहे. त्याची आवक शिक्क्याची प्रत पावत्यांसोबत लावून ठेवली आहे.